चौथ्या प्रकरणाचं पान

सिंधूबाईंना एक गोष्ट काही केल्या उमगत नव्हती. सुनेचा प्रबंध लिहून झाला होता. शिरूरच्या डीटीपीवाल्याकडं खेटे घालून टाईप झाला होता, काळ्या पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांत बांधून विद्यापीठात पोचला होता, त्यालाही वर्ष उलटून गेलं होतं. आणि आता भाद्रपदाच्या तोंडावर ही बाई पुन्हा कागद घेऊन बसली होती.

"झालं न्हवं का लिवून?" दारात लसूण सोलता सोलता त्यांनी विचारलं. "आता आन् काय ऱ्हायलं?"

"आत्या, तोंडी परीक्षा आहे. व्हायव्हा म्हणतात. बाहेरून साहेब येणार, ते विचारणार, मी उत्तरं द्यायची."

"तूच लिवलंस आन् तुलाच इचारणार?"

"हो."

"मंग तुला ठावं न्हाई व्हय, काय लिवलंय ते?"

हर्षदा हसली. त्या वेळी हसण्यावारी नेण्यासारखंच ते होतं. आतल्या खोलीत तिची पोरगी मोनिका झोपली होती. तिला दोन दिवस सर्दी होती, आणि हर्षदाचा एक कान लिहिता लिहिता त्या खोलीतच होता. पोरगी खोकली की पेन थांबायचं, श्वास पुन्हा सरळ लागला की पुढं सरकायचं.

कामाची रीत शितोळे सरांनी फोनवर सांगितली होती. सर तिचे मार्गदर्शक, दौंडच्या कॉलेजात समाजशास्त्राचे विभागप्रमुख. एस.टी.डी. बूथवरच्या पोरांच्या कलकलाटातही त्यांचा आवाज वर्गात बोलल्यासारखा स्वच्छ आला होता.

"एका प्रकरणाला एकच पान, हर्षदा. पानाचे चार भाग पाडा. सगळ्यात वर, या प्रकरणानं कोणता प्रश्न विचारला, ते एका वाक्यात. वाक्य लांबलं, तर समजा की प्रश्न तुमचा तुम्हालाच कळलेला नाही. त्याच्या खाली पद्धत: कुणाला विचारलं, कधी विचारलं, माणसं निवडली कशी. मग निष्कर्ष, कोष्टकाच्या आणि पानाच्या नंबरासकट. आणि तळाला, परीक्षक काय विचारतील ते. तो भाग लिहिताना मात्र त्यांच्या खुर्चीत जाऊन बसायचं. आपल्या खुर्चीतून आपल्याला सगळं बरोबरच दिसतं."

प्रबंधाचा विषय होता शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या मेंढपाळ कुटुंबांचं स्थिरावणं. एके काळी मेंढरांमागं फिरणारी माणसं आता कालव्याच्या पाण्यावर ऊस, कांदा, झेंडू करतात, हे कसं आणि किती झालं, हे तिनं घरोघर विचारून लिहिलं होतं. ती स्वतः त्याच माणसांतली. सासर-माहेर दोन्हीकडं दोन पिढ्यांपूर्वी मेंढरंच होती. म्हणून तर सरांनी हा विषय तिला दिला होता. "तुम्हाला दारातून आत घेतील," ते म्हणाले होते.

पहिल्या प्रकरणाचं पान तिनं एका बैठकीत उरकलं. हेच दोन तालुके का, ही लोकं कोण, कधीपासून इथली. दुसऱ्यापाशी जरा अडली. आधीच्या अभ्यासकांचा आढावा होता तो, त्यात निष्कर्ष काय लिहायचा? शेवटी लिहिलं, 'आधीच्यांनी जे पाहिलं नाही, ते.' आणि तळाला परीक्षकांचा प्रश्न, 'मग तुमच्या अभ्यासानं नवीन काय दिलं?' त्याचं उत्तर तिला पाठ होतं. तिसरं प्रकरण पद्धतीचं. मतदारयादी घेतली, दर पाचवं घर धरलं, प्रश्नावली भरून घेतली. नमुना एवढाच का, आकडे तपासायची काय-वर्ग कसोटीच का लावली, असले प्रश्न तिनं खाली मांडले आणि प्रत्येकापुढं पानाचा नंबर टाकला. हाताला आता वेग आला होता. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला वाटलं, की जमेल. घड्याळी तासांवर शिकवणं संपेल, कॉलेजात पूर्णवेळची जागा निघाली आहे, तिची मुलाखत पुढच्या महिन्यात, तोवर पदवीचा कागद हातात आला तर जागा आपली.

मग चौथं प्रकरण. प्रबंधाचा कणा म्हणावा असं.

प्रश्न तिनं लिहिला: 'किती कुटुंबांनी मेंढपाळी सोडून स्थिर शेती धरली?' एका वाक्यात बसला. सर खूश झाले असते.

पद्धत. इथं तिसऱ्या प्रकरणातलंच थोडक्यात उतरवायचं होतं. कुणाला विचारलं: कुटुंबप्रमुखांना. कधी: मार्गशीर्ष ते चैत्र. निवडलं कसं: यादीतलं दर पाचवं घर, आणि घर बंद असल्यास लगतचं उघडं घर.

निष्कर्ष: दहातल्या नऊ कुटुंबांनी मेंढ्या सोडल्या आहेत.

आता तळाचा भाग. ती खुर्चीत मागं रेलली, डोळ्यांपुढं एक अनोळखी साहेब आणला, जाड चष्म्याचा, आणि त्याच्या बाजूनं पानाकडं पाहिलं. वरून खाली एकदाच. आणि त्या साहेबानं विचारल्यासारखं तिच्या हातानं लिहिलं:

'घरं बंद का होती?'

पेन तिथंच थांबलं. मोनिका आत खोकली, तरी हर्षदाला ते ऐकू आलं नाही. सिंधूबाईच उठून गेल्या.

घरं बंद का होती, हे तिला कुणी सांगायला नको होतं. दिवाळी झाली की मेंढरांचा वाडा निघतो. घोड्यावर बिऱ्हाड, कोकरं जाळीत, बायापोरं मागं, आणि सगळं लटांबर घाट उतरून कोकणात. पाऊस कोसळायला लागला की माघारी. मार्गशीर्ष ते चैत्र, बरोबर त्याच महिन्यांत, मेंढरंवाल्याच्या दाराला कुलूप असतं. मेंढरं सोडलेला तेवढा घरी असतो. आणि ती उघड्या दारांत जाऊन विचारत फिरली होती, तुम्ही मेंढरं सोडलीत का?

प्रबंधात पद्धत एका टोकाला होती, निष्कर्ष दुसऱ्या. मधे कोष्टकं, नकाशे, पानंच्या पानं. तिनं पाहिलं नाही, सरांनी पाहिलं नाही, परीक्षकांनीही बहुधा नाहीच. एका पानावर तिन्ही गोष्टी एकीखाली एक आल्या, तेव्हा आंधळ्यालाही दिसलं असतं.

ती कॉटखालची ट्रंक ओढून जुन्या प्रश्नावल्या काढायला बसली. बदललेल्या घरांच्या कोपऱ्यात तिनंच 'बं.' लिहून गोल केलं होतं. एक गठ्ठा पाहिला, दुसरा पाहिला. जवळजवळ तिसरा हिस्सा. काही घरं पुण्याला, भोसरीला कामाला गेलेल्यांची असतील. किती, ते कळायला आता मार्ग नव्हता, कारण बंद दारापाशी थांबून शेजाऱ्याला विचारायचंही तिला सुचलं नव्हतं.

आणि मग तिच्या माहेरच्या वस्तीचा गठ्ठा. पहिल्याच कागदावर, तिच्याच अक्षरात: 'मारुतराव. उघडे घर. मूळ निवड: ज्योतिबा. बं.'

ज्योतिबा म्हणजे तिचा सख्खा चुलता. आप्पा.

तो दिवस तिला लख्ख आठवला. पाचवा महिना होता, पाय सुजायचे. यादीत चुलत्याचंच घर निघालं म्हणून गंमत वाटली होती. त्याच्या दाराला कुलूप पाहून तिनं 'बं.' लिहिलं आणि शेजारच्या मारुतरावांच्या पडवीत टेकली. त्यांच्या झेंडूच्या गोष्टी उतरवून घेतल्या, चहा घेतला. संध्याकाळी जेवली ती आईकडं. तिथं चुलीमागच्या भिंतीत खिळा होता आणि त्या खिळ्याला आप्पाच्या घराची किल्ली लटकत होती. दरसाल वाडा निघताना आप्पा ती तिच्या आईकडंच ठेवून जायचा. हर्षदानं लहानपणी त्या किल्लीनं कुलूप उघडून आप्पाच्या घरातली जाळीजळमटं काढली होती. त्या रात्री ती किल्लीखाली बसून पिठलं-भाकरी जेवली आणि उद्या कुठलं घर ते यादीत बघत राहिली.

"काय झालं?" दुपारच्या शिफ्टला निघता निघता तिच्या नवऱ्यानं, रोहिदासनं विचारलं. तो रांजणगावला कंपनीत होता.

तिनं सांगितलं. त्यानं बूट घालता घालता ऐकलं.

"कुणाला कळणार हाय का?" तो म्हणाला.

"मला कळलंय."

"तुला कळून काय व्हतंय? साहेबाला कळलं तर बघू." तो दारात थांबला. वाईट नव्हता तो, कसं समजवावं ते त्याला सुचत नव्हतं एवढंच. "हर्षदा, जागा निघालीया. अशी जागा कवा निघती?"

दोन दिवसांनी तिनं मोनिकाला सासूपाशी ठेवलं आणि न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एस.टी.नं दौंड गाठलं. सर्दी उतरली होती. तरी निघताना तिनं सिंधूबाईंना औषधाची बाटली दोनदा दाखवली.

"आगं, मी चार वाढिवलीत," सिंधूबाई म्हणाल्या. "जा तू. न्हाईतर तुझा साहेब मलाच इचारल काय तरी."

शितोळे सरांनी पानं क्रमानं पाहिली. पहिल्या तिनांवर मान डोलावली. चौथं हातात घेतलं, वरून खाली वाचलं, तळापाशी आले, आणि पुन्हा वर गेले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर इंजिनाचं शंटिंग चाललं होतं, डबे एकमेकांवर आदळत होते.

"हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं," ते म्हणाले.

"सर, आता?"

"दोन वाटा. एक, तोंडी परीक्षा पुढं ढकला, पावसाळ्यात पुन्हा सर्वेक्षण करा, चौथं आणि सहावं प्रकरण नव्यानं लिहा. म्हणजे वर्ष-दीड वर्ष. ती जागा जाईल. पुन्हा निघेल का, सांगता येत नाही."

"आणि दुसरी?"

"दावा लहान करा. 'सर्वेक्षणाच्या काळात गावात हजर असलेल्या कुटुंबांपैकी दहातली नऊ' एवढंच म्हणायचं. ते खोटं नाही. तेवढ्यापुरतं तुमचं कोष्टक बरोबर आहे."

"पण सर, प्रश्न 'किती कुटुंबांनी' असा आहे. हजर असलेल्यांपैकी किती, असा नाहीये."

सर हसले, पण ते हसू काही टिकलं नाही. "म्हणूनच एका वाक्यात लिहायला सांगतो मी." मग त्यांनी खणातून एक कागद काढला. "आणखी एक ऐका. दुसऱ्या परीक्षकांचा अहवाल. प्रबंध स्वीकारलाय. शेवटी एक ओळ आहे. 'नमुना निवडीबाबत खुलासा तोंडी परीक्षेत घ्यावा.' बाहेरून येणार आहेत ते हेच साहेब."

हर्षदानं ती ओळ पुन्हा वाचली.

"आता मी ते साहेब," सर म्हणाले आणि खुर्ची सरकवून ताठ बसले. "मॅडम, तुमची पर्यायी घरं किती? आणि ती का घ्यावी लागली?"

तिनं तोंड उघडलं. 'सर्वेक्षणाच्या काळात' इथपर्यंत आली आणि पुढचं वाक्य जुळेना. दुपार कलली होती, घरी पोरगी वाट बघत असेल. आपण इथं काय करतोय, असं तिला झालं.

"दोन वाक्यं, हर्षदा. परीक्षकाला दोन वाक्यांत उत्तर लागतं."

"सर, दोन वाक्यांत एवढंच येतं. मेंढरंवाले घरी नव्हते. मी त्यांना मोजलं नाही."

सरांनी चष्मा पुन्हा घातला. "असं म्हणालात तर पुढचं माझ्या हातात नाही," ते हळूच म्हणाले.

परत जायच्या गाडीला वेळ होता. ती दौंडजवळच्या तिच्या माहेरच्या वस्तीवर गेली. मनात एक आशा धरून गेली होती, तिची तिलाही धड माहीत नसलेली: भाद्रपद आहे, वाडे परत आलेत, निदान आपल्या वस्तीवरची बंद घरं आज विचारून घेऊ. थोडीच का होईना, तळाच्या प्रश्नापुढं लिहायला काहीतरी मिळेल.

आप्पा घरीच होता. दारापुढं बाजेवर बसला होता. पण अंगण झाडलेलं होतं, स्वच्छ. लेंडीचा एक दाणा नव्हता. तो वास नव्हता. हर्षदा उभीच राहिली.

"ये की," आप्पा म्हणाला. "मॅडम झालीस म्हनं. बसायला खुर्ची न्हाई बाबा आमच्याकं."

"आप्पा, मेंढरं?"

"इकली."

"कधी?"

"जेठात. कोकणातनं आलो आन् इकली. यंदा पानी न्हाई, चारा न्हाई. पर दुष्काळ म्या लई बघितलं. त्येचं काय न्हाई." त्यानं हात लांब केला. "त्ये गायरान बघ. तिकडं कंपनीचं तारकुंपन. हिकडं सगळा ऊस. वाडा बसवायचा कुठं? आधी लोकं बोलवायची, आमच्या रानात मेंढरं बसवा, खत व्हतंय. आता युरियाची गोन आनत्यात. मेंढरू दिसलं की दगूड हाननार. घाटाखाली तीच कथा."

तिची आई तानुबाई पाणी घेऊन आली. "त्येला आता कुरकुंभला कंपनीत वाचमन लावत्यात," ती म्हणाली. "टोपी देनार हायेत."

"टोपी देनार, शिट्टी देनार," आप्पा म्हणाला. "मेंढरं न्हाईत, निस्ती शिट्टी." आणि एकटाच हसला. मग म्हणाला, "व्हय गं पोरी, तुझ्या त्या बुकात मी हाय का? वस्तीवरच्या समद्यांचं लिवलंस म्हनं. मारुतराव सांगत हुता, त्येचा झेंडूबी घातलास."

तिनं आईकडं पाहिलं. आईला काही माहीत नव्हतं.

"आप्पा, तुम्ही तेव्हा कोकणात होता."

"व्हय की. तवा व्हतोच. मंग?"

"मग... राहून गेलं."

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाला. त्याला खरंच त्याचं काही वाटलं नव्हतं. "माझं काय लिवायचं त्यात."

तिनं बाकीच्या बंद घरांची नावं आईला वाचून दाखवली. कुणी आप्पासारखंच विकून मोकळं झालं होतं, कुणी अजून राखून होतं, आनंदरावाचा वाडा तर चाऱ्याच्या शोधात अजून बाहेरच कुठंतरी होता. हर्षदानं लिहून घेतलं, आणि लिहितानाच तिला कळलं, की हे कागद कशाच्याच कामाचे नाहीत. त्या साली कोण मेंढरंवालं होतं, हे आज एका वस्तीच्या आठवणीतून दोन तालुक्यांवर बसवता येत नाही. आणि पुन्हा सर्वेक्षण केलं तर? आप्पा आता घरी आहे. दार उघडं आहे. प्रश्नावलीत तो म्हणेल, व्हय, सोडली मेंढरं. तिचं कोष्टक आपोआप बरोबर होईल. दोन वर्षांपूर्वी जे खोटं होतं, ते आता तिच्याच कोष्टकाच्या दिशेनं खरं होत चाललं होतं.

फक्त कारण उलटं. प्रबंधात तिनं लिहिलं होतं, पाण्यानं माणसाला शेतीकडं ओढलं. इथं समोर बाजेवर माणूस बसला होता, त्याला कुणी ओढलं नव्हतं. ढकललं होतं. आणि सहाव्या प्रकरणातली तिसरी शिफारस तिला तोंडपाठ होती: 'बहुतांश कुटुंबे स्थिर झाल्याने या भागात चराईसाठी वेगळे क्षेत्र राखून ठेवण्याची निकड उरलेली नाही.'

निघताना तिनं आईच्या घरात पाहिलं, चुलीमागं खिळा तसाच होता. रिकामा.

घरी परतताना गाडीत तिनं मांडीवर चौथं पान घेतलं आणि हलत्या अक्षरात तळाच्या प्रश्नापुढं उत्तर लिहिलं. दोन वाक्यांत बसलं नाही. पानाच्या मागं गेलं. पुढं सहाव्या प्रकरणाच्या पानावरही, तिसऱ्या शिफारशीसमोर लिहिलं: 'टिकत नाही.'

तोंडी परीक्षा सरांच्या कॉलेजातल्या संशोधन केंद्रात ठेवली होती. पुढच्या रांगेत विभागातले प्राध्यापक, मागं दोन-तीन विद्यार्थी, रोहिदास इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर. मोनिका सिंधूबाईंच्या मांडीवर बाहेर व्हरांड्यात. हर्षदानं हट्टानं दोघींना आणलं होतं. परीक्षकांना सोलापूरकडची गाडी गाठायची होती. हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं, आणि मग विद्यापीठाकडून आलेल्या अध्यक्षांनी दोनदा सांगितलं.

साहेब जाड चष्म्याचे नव्हते. चांगले हसतमुख होते. हेच दोन तालुके का? तिनं सांगितलं, दोन वाक्यांत. काय-वर्ग कसोटी का, टक्केवारी पुरली नसती का? सांगितलं, कोष्टकाच्या नंबरासकट. पाचव्या प्रकरणात बायकांच्या कामाचे तास कसे मोजले? त्याचंही पान तयार होतं. सरांचा चेहरा सैल होत चालला. पानं खरंच उपयोगी पडत होती.

"आता नमुन्याबद्दल," साहेब म्हणाले. "काही पर्यायी घरं घेतलीत. तेवढं स्पष्ट करा."

हर्षदानं चौथं पान वर घेतलं, पण त्यात पाहिलं नाही. सगळं सांगितलं. महिने सांगितले, वाडे कधी जातात ते सांगितलं, बंद घरं किती होती ते सांगितलं. चुकलेला हिस्सा नेमका मेंढरंवाल्यांचाच असण्याची शक्यता आहे, त्यामुळं चौथ्या प्रकरणाचा आकडा फुगलेला आहे, आणि मतदारयादीतल्या सगळ्या कुटुंबांबद्दल तो बोलू शकत नाही. "त्यातलं एक घर माझ्या चुलत्याचं होतं," ती म्हणाली. हे पानावर नव्हतं.

रोहिदासनं मान खाली घातली. शितोळे सर टेबलावरची टाचणी बोटानं इकडून तिकडं सरकवत होते.

साहेबांनी पुढ्यातल्या कागदावर काहीतरी टिपलं. हर्षदाला वाटलं, आता. जे व्हायचं ते होऊ दे. मागं पाठवा, पुन्हा लिहायला लावा. एखाद्या कोपऱ्यात तिला तेच हवं होतं.

"छान," साहेब म्हणाले. "प्रामाणिक उत्तर आहे. संशोधकाला आपल्या अभ्यासाच्या मर्यादा कळायला हव्यात. असं करा, मर्यादांच्या यादीत एक ओळ वाढवा. 'सर्वेक्षणकाळात बंद असलेली घरे अभ्यासात समाविष्ट नाहीत.' शुद्धिपत्राची चिठ्ठी डकवली तरी चालेल. बाकी काम उत्तम."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

"पण सर," हर्षदा म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, "मग सहाव्या प्रकरणातली तिसरी शिफारस टिकत नाही. चराईची. ती काढायला हवी."

"अहो मॅडम," साहेब मनापासून हसत म्हणाले, "शिफारशी वाचतंय कोण?"

पुढची रांग हसली. सरही हसले, सुटल्यासारखे. मागचे विद्यार्थी हसले. हसण्यातच अध्यक्ष उठून उभे राहिले आणि पदवी द्यावी अशी शिफारस करत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. रोहिदासनं पेढ्यांचा पुडा उघडला. साहेबांनी एक तोंडात टाकला, एक रुमालात बांधून घेतला आणि ते स्टेशनच्या रिक्षात बसले.

"झालं?" सिंधूबाईंनी व्हरांड्यात विचारलं. मोनिका त्यांच्या खांद्यावर झोपली होती.

"झालं."

"काय इचारलं?"

"सगळं विचारलं."

"मंग? आलं का तुला?"

हर्षदानं पोरीला घेतलं. अंग गार होतं, ताप नव्हता. तिनं तरी दोनदा हात लावून पाहिला.

"आलं," ती म्हणाली.

शितोळे सर मागून आले. त्यांच्या हातात तिची पानं होती, ती टेबलावरच विसरून आली होती. "ही मी ठेवून घेऊ का? पुढच्या मुलांना नमुना म्हणून दाखवतो. इतकी चांगली कुणीच करत नाही."

"ठेवा," ती म्हणाली. मग म्हणाली, "चौथं द्या, सर."

सरांनी चौथं काढून दिलं.

शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या त्याच डीटीपीवाल्यानं करून दिल्या. एका कागदावर ओळ पुन्हापुन्हा छापून कात्रीनं पट्ट्या कापल्या. हर्षदानं सगळ्या प्रती स्वतः डकवल्या, ग्रंथालयात बसून. पट्टी एवढी अरुंद होती, की डिंक लागला की सुरळी व्हायची. सहाव्या प्रकरणाची पानं तिनं उघडली नाहीत.

दिवाळीत ती माहेरी गेली, तेव्हा आप्पा ड्यूटीवरून येत होता. खाकी शर्ट, टोपी काखेत. वस्तीवरून आनंदरावाचा वाडा निघायचा होता, घोड्यांवर बिऱ्हाड चढत होतं. कुत्री भुंकत होती. आप्पा रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होता.

"कॉलेजात लागलीस न्हवं?" त्यानं तिच्याकडं न बघता विचारलं.

"लागले, आप्पा."

"ब्येस झालं."

मेंढरं वळणावर गेली, तरी धुरळा बराच वेळ राहिला. मोनिका धुरळ्याकडं हात करून काहीतरी म्हणत होती. आप्पानं खिशातून शिट्टी काढून तिच्या हातात दिली, आणि तिनं ती वाजवली, पुन्हापुन्हा वाजवली. शेवटी तानुबाई ओरडली, "आगं, थांबीव तिला, डोकं उठलं." हर्षदानं शिट्टी काढून घेतली. आप्पाला परत देताना तिला वाटलं, आता सांगावं. पण काय सांगायचं? डकवलेल्या ओळीत त्याचं नाव नव्हतं.

आप्पा आपल्या दाराकडं गेला. दार उघडंच होतं.